परीक्षा सुरू झाली की आमचं नेट मरतं

विश्रामबागकर | १३ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, डोकं पिकलंय, जरा मदत करा.

आम्ही सांगलीत, विश्रामबागला. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सोबत हिशेबाचा एक ऑनलाइन कोर्स करते. दर रविवारी दुपारी २ वाजता दीड तासाची टेस्ट असते. कॅमेरा सुरू ठेवावा लागतो. नेट तीनदा तुटलं की पेपर आपोआप बंद होतो. गेले तीन रविवार तिचा पेपर असाच बंद पडला. सुरुवातीचा अर्धापाऊण तास काही होत नाही, मग नेट जातं, दोन-तीन मिनिटांनी येतं, पुन्हा जातं.

गंमत म्हणजे आठवडाभर काही त्रास नाही. आम्ही रात्री उशिरापर्यंत मालिका बघतो, नेट ठणठणीत. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा मंगळवारी. त्याच्या मशीनवर लाईन चांगली, मोबाईलवर स्पीडही पूर्ण. 'साहेब, काहीच प्रॉब्लेम नाही' म्हणून चहा पिऊन गेला.

२७ तारखेला फायनल आहे. पोरगी रडकुंडीला आली आहे. वीज जात असेल म्हणून राऊटरला छोटा यूपीएस पण आणून बसवला. फरक शून्य. काय बघावं?

---

भडंगप्रेमी | १३ एप्रिल, रात्री ९:५२

राऊटरलाही रविवारची सुट्टी पाहिजे हो काका.

---

हळदभाव | १३ एप्रिल, रात्री १०:०५

रविवारी दुपारी आख्खी कॉलनी घरात असते. सगळे एकदम नेट वापरतात, लाईनवर लोड येतो. आमच्याकडं पण तसंच हाय. कंपनी बदला, दुसरं औषध नाही.

---

पिन_४१६ | १३ एप्रिल, रात्री १०:३१

@हळदभाव, लोड आला तर नेट हळू होईल, चित्र अडकेल. पूर्ण जाऊन दोन-तीन मिनिटांनी परत येणं हे वेगळं लक्षण आहे. दोन-तीन मिनिटं म्हणजे डबा बंद होऊन पुन्हा चालू व्हायला लागणारा वेळ.

विश्रामबागकर काका, मी मूळचा मिरजेचा, सध्या पुण्यात नेटवर्कचंच काम करतो. आधी एकच गोष्ट ठरवू: तुटतंय कुठं? लॅपटॉप ते राऊटर हा घरातला तुकडा, आणि राऊटर ते कंपनी हा बाहेरचा. विंडोज असेल तर Command Prompt च्या दोन काळ्या खिडक्या उघडा आणि एकेकीत हे टाका.

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला पत्ता तुमच्या राऊटरचा (काही घरांत शेवटी 1.1 ऐवजी 0.1 किंवा 29.1 असतं, राऊटरच्या पाठीवरच्या कागदावर छापलेलं असेल). दुसरा बाहेरचा. नेट जाईल तेव्हा पहिली खिडकी चालू आणि दुसरी बंद, असं झालं तर दोष लाईनचा. दोन्ही एकदम बंद झाल्या तर दोष घरात.

आणि त्या क्षणी राऊटरचे दिवे बघा. फक्त LOS लिहिलेला दिवा लाल होतो, की सगळेच दिवे विझून पुन्हा लागतात?

---

वाईची_लेक | १३ एप्रिल, रात्री १०:४८

आमच्याकडे मांजर राऊटरवर झोपायचं. ऊब मिळते ना. हिवाळाभर काही नाही, मार्चपासून नेट जायला लागलं. मांजराला हाकललं तर नेट सुरळीत. तुमच्याकडे मांजर आहे का?

---

विश्रामबागकर | १४ एप्रिल, सकाळी ८:१५

मांजर नाही. तीन वर्षांचा नातू आहे, तो मांजरापेक्षा भारी. राऊटर त्याच्या हाताला लागू नये म्हणून टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवलाय.

दिव्यांबद्दल मुलीला विचारलं. पहिल्या वेळी ती धावत गेली तेव्हा सगळे दिवे गेले होते म्हणे. मी कस्टमर केअरला तसंच सांगितलं होतं, त्यांनी तक्रारीत 'लाल दिवा' लिहिलं. म्हणून तो माणूस फायबरच तपासत बसला.

ते काळ्या खिडकीचं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. माझा भाचा तासगावला सीसीटीव्ही बसवायचं काम करतो, तो गुरुवारी येतोय.

---

कोयनाकाठ | १४ एप्रिल, दुपारी १२:२०

तुम्हाला घरात नेट तरी आहे. आमच्याकडे पाटणच्या वरच्या अंगाला पोरं मोबाईल घेऊन टेकाडावर जाऊन बसतात. पावसाळ्यात एकानं छत्री धरायची आणि दुसऱ्यानं पेपर द्यायचा. माझ्या पुतणीचा एक पेपर तर म्हशीच्या साक्षीनं झालाय. याबद्दल कोणी काही करणार आहे का?

---

भडंगप्रेमी | १४ एप्रिल, दुपारी १२:२८

म्हैस कॅमेऱ्यात आली तर कॉपी धरतात का?

---

कोयनाकाठ | १४ एप्रिल, दुपारी १२:४१

हसा. 'चौकटीत दुसरी व्यक्ती दिसत आहे' असा इशारा खरंच आला होता.

---

हळदभाव | १४ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

काका, सरळ लॅन केबल लावा. वायफायचा भरवसा नसतो. माझ्या दुकानात केबल लावल्यापासून एकदा पण गेलं नाही.

---

पिन_४१६ | १४ एप्रिल, संध्याकाळी ७:०२

केबल लावणं केव्हाही चांगलं, पण सगळे दिवे विझत असतील तर केबल काय करणार? डबाच मेला तर वायरच्या टोकाला कोण बसलंय? एकतर त्याला वीज मिळत नाहीये किंवा तो स्वतःच बंद पडतोय.

---

जुना_रेडिओवाला | १४ एप्रिल, रात्री ९:३०

यूपीएस लावूनही बंद पडतंय म्हणजे घरातली वीज सुटली संशयातून. राहिले दोघं, चार्जर आणि राऊटर. मिरजेत चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. 'चालू केल्यावर अर्धा-पाऊण तासानं बंद पडतो' ही तक्रार आली की आम्ही आधी हात लावून बघायचो, गरम किती झालाय. गार असताना चालतो आणि तापल्यावर मरतो, असा सेट दुकानात आणला की नेमका चालतो, कारण वाटेत गार झालेला असतो. तुमच्या मंगळवारच्या माणसाचं तसंच काहीसं झालं असेल.

भाचा आला की त्याला एवढंच विचारा: पहिल्यांदा बंद पडायला किती वेळ लागला आणि दुसऱ्यांदा किती?

---

विश्रामबागकर | १९ एप्रिल, रात्री ११:०५

सापडलं! जरा सविस्तर लिहितो, कारण यात आमचंच हसं आहे.

भाचा गुरुवारी दुपारी आला. मी त्याला राऊटर दाखवायला निघालो तर तो म्हणाला, 'मामा, राऊटर राहू द्या. टेस्टच्या दिवशी घरात काय काय करता ते सांगा. सकाळपासून.' मला वाटलं पोरगं टाइमपास करतंय. पण आमच्या हिनं सांगायला सुरुवात केली. टीव्ही बंद करतो, पंखा मंद करतो (आवाज नको म्हणून), हॉलचं दार लावून घेतो, आणि नातवानं राऊटरला हात लावू नये म्हणून शोकेसची काच ओढून घेतो.

'एरवी काच उघडी असते?'

'एरवी रिमोट चालायला नको का? सेट टॉप बॉक्स आतच आहे. काच काळी आहे.'

भाचा हसायलाच लागला. राऊटर होता सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर, खाली हिनं विणलेला रुमाल, मागं दोन्हीचे चार्जर, आणि शेजारी मी हौसेनं आणलेला यूपीएस. तेवढ्याशा खणात. टीव्ही बंद केला तरी सेट टॉप बॉक्स चालूच राहतो, तो खालून शेकत होता. म्हणजे आठवड्यातून एकदाच, टेस्टच्या दिवशी, भर दुपारी, आम्ही काळजीपोटी काच लावून राऊटरला भट्टीत घालत होतो. कंपनीचा माणूस आला तेव्हा काच उघडी.

मला तेवढ्यात पटलं होतं. भाचा म्हणाला, 'नाही मामा, हा नुसता अंदाज झाला. बंद पाडून दाखवतो.' मग त्यानं दोन दिवस पुढचा उद्योग केला.

त्याच्या मल्टिमीटरला तापमान बघायची तार आहे, ती आत सोडली. हिनं आपला तापाचा थर्मामीटर आणला होता, तो राऊटरवर ठेवल्याबरोबर नुसता H दाखवून गप्प. दुपारी २ ला खोलीत ३६ होतं. काच उघडी असताना राऊटरच्या पाठीवर ४८, आणि तिथंच स्थिर. मग काच लावली, मुलीला त्याच्याशी व्हिडिओ कॉल लावून बसवलं आणि वर सांगितलेली खिडकी सुरू केली. ३८ मिनिटांनी Request timed out, लगेच General failure, सगळे दिवे गुल. पाठ ६८, खणातली हवा ५३. दोन मिनिटांत परत आला. आणि दुसऱ्यांदा ११ मिनिटांतच गेला. रेडिओवाले काका, तुमचा प्रश्न मी त्याला वाचून दाखवला होता, तेव्हा तो म्हणाला 'हे काका जाणते आहेत.'

मग त्यानं चार्जर लांब वायरीनं बाहेर काढला, राऊटर तेवढा आत. तरी ४४ मिनिटांनी गेला. शुक्रवारी त्याच वेळी उलटं केलं, चार्जर आत आणि राऊटर बाहेर. दोन तास झाले, काही नाही. मग कंटाळून बंद केलं.

आता राऊटर दाराच्या चौकटीवर, खिळ्याला टांगलाय. नातू वर बघून हात करतो.

---

भडंगप्रेमी | १९ एप्रिल, रात्री ११:२०

तरी मी म्हणत होतो सुट्टी पाहिजे. बिचाऱ्याला रविवारी कोंडून ठेवायचे.

---

हळदभाव | २० एप्रिल, सकाळी ७:५०

काका, राऊटरच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतच चालतो असं छापलेलं असतंय. तुमचा उघड्यावर पण ४८ हाय म्हणजे आता पण धोक्यातच हाय. फ्रीजजवळ ठेवा.

---

जुना_रेडिओवाला | २० एप्रिल, सकाळी ९:१५

@हळदभाव, अर्धं बरोबर आहे. ते ४० छापलेलं असतं ते भोवतालच्या हवेचं. डब्याची पाठ नेहमीच हवेपेक्षा गरम असणार, आणि आतली चिप त्याहून गरम. ती बरंच सोसते. म्हणून बघायचं ते खोलीतलं ३६, ते ४० च्या आत आहे. काच लावल्यावर हवाच ५३ झाली, तिथं गणित बिघडलं. फ्रीजजवळ मुळीच नको, त्याच्या मागून गरम हवाच येते.

विश्रामबागकर, भाच्यानं चार्जर बाहेर काढून पाहिला हे फार बरं केलं. नाहीतर मी चार्जरवरच बोट ठेवलं असतं. दहातल्या सहा वेळा तोच चोर असतो. तापला की त्याचा दाब उतरतो आणि लक्षण हुबेहूब असंच दिसतं. ११ मिनिटांचं कारण सरळ आहे. दोन मिनिटांत तो थोडासाच निवला, पुन्हा तापायला पहिल्याइतका वेळ लागलाच नाही. लाईनचा दोष असता तर असा हिशेब लागला नसता, ती केव्हाही जाते.

पण एक सांगतो, राऊटर बदलाच. किती जुना आहे?

---

विश्रामबागकर | २० एप्रिल, सकाळी ९:४०

चार वर्षं. आणि तो कंपनीचा आहे, आपल्याला उघडता येत नाही, सील आहे.

---

जुना_रेडिओवाला | २० एप्रिल, सकाळी १०:०२

मग नक्कीच बदलून मागा. आत छोटे कपॅसिटर असतात. तापमान दहा अंश वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला जुना हिशेब. चार वर्षं सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर शेकलेला डबा तो. नवा असता तर कदाचित त्याच खणात दीड तास तगला असता. हा आतून वाळलाय.

---

पिन_४१६ | २० एप्रिल, सकाळी ११:१०

काका, इथं मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. आतून वाळला असता तर बाहेर, उघड्यावरही अधूनमधून गेला असता. तो तर महिनोन्‌महिने नीट चालतोय. बऱ्याच चिप ठरावीक तापमानाच्या वर गेल्या की स्वतःहून बंद पडतात, जळू नये म्हणून. म्हणजे राऊटरनं जे करायला पाहिजे तेच केलं. शिवाय टेस्टमध्ये कॅमेऱ्याचं चित्र सतत वर जात असतं, वायफायचा भाग थांबतच नाही, त्याची उष्णता वेगळी. मालिका बघताना बराचसा माल एकदम खाली येतो आणि मधे उसंत मिळते.

---

विश्रामबागकर | २० एप्रिल, दुपारी १:३०

कॅमेऱ्याचंही भाच्यानं पाहिलं होतं, लिहायचं राहिलं. काच लावून, व्हिडिओ कॉल न लावता नुसता चालू ठेवला. तरी गेला, पण ७० मिनिटांनी. एकदाच करून बघितलं. तो म्हणाला, मुख्य दोष काचेचा, कॅमेरा फक्त घाई करतो.

---

जुना_रेडिओवाला | २० एप्रिल, दुपारी १:५०

एकदाच केलेल्या प्रयोगावर मी सही करणार नाही. पण पोरगं हुशार आहे. माझ्या दुकानात असतं तर ठेवून घेतलं असतं.

आतला दोष की नुसती स्वसंरक्षणाची झोप, हे डबा उघडल्याशिवाय पिन_४१६ लाही सांगता येणार नाही आणि मलाही. सील तोडू नका.

---

वाईची_लेक | २० एप्रिल, दुपारी २:१५

म्हणजे माझं मांजर निर्दोष नव्हतंच. झाकणावरच्या फटींवर झोपायचं मेलं.

मी शिक्षिका आहे म्हणून विचारते. ते तीन बुडालेले पेपर पुन्हा घेतात का? आमच्याकडे मुलं 'नेट गेलं' सांगतात आणि आम्हाला खरं-खोटं कळत नाही. पुरावा काय द्यायचा?

---

पिन_४१६ | २० एप्रिल, दुपारी ३:०५

@वाईची_लेक, राऊटरच्या पानावर Uptime अशी एक ओळ असते. डबा किती वेळ सलग चालू आहे ते तिथं दिसतं. नेट गेल्यावर लगेच बघितलं आणि तिथं तीनच मिनिटं दिसली तर डबा बंद पडला होता हे नक्की. त्याचा फोटो, घड्याळासकट, एवढाच पुरावा घरी मिळतो. नोंदवही म्हणजे Log पण असते. पण बऱ्याच राऊटरमध्ये बंद पडला की ती पुसली जाते, आणि चालू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तारीख 1970 ची दाखवतो. एका विद्यार्थ्यानं तो फोटो पाठवला तर त्याच्या सरांनी विचारलं, 'तुझा जन्म तरी झाला होता का?'

---

विश्रामबागकर | २० एप्रिल, रात्री १०:२०

कोर्सवाल्यांना मेल केलाय. त्यांचं उत्तर, 'आमच्या बाजूनं अडचण नाही.' तीनपैकी एक पेपर पुन्हा देतील म्हणतात, तोही फायनलनंतर. आजचा चौथा मात्र सुरळीत झाला, दीड तास एकदाही तुटलं नाही.

---

कोयनाकाठ | २१ एप्रिल, सकाळी ८:३०

अभिनंदन. आमच्या टेकाडावर हवा मोप आहे, राऊटर कधी तापणार नाही. फक्त राऊटर नाही.

---

हळदभाव | २१ एप्रिल, सकाळी ९:००

ह्या धाग्यामुळं दुकानातला डबा बघितला. हळदीच्या पोत्यांमागं होता. वर बोटभर पिवळी धूळ, जाळीच्या फटी बुजलेल्या. ब्रशनं साफ केला. फुंकर मारायला गेलो तर सगळी तोंडावर. बायको म्हणाली लग्नाला दुसऱ्यांदा उभं राहिल्यागत दिसताय.

---

भडंगप्रेमी | २१ एप्रिल, सकाळी ९:०४

फोटो टाका भाऊ, आता पुरावा लागतो.

---

विश्रामबागकर | २७ एप्रिल, संध्याकाळी ५:१०

फायनल झाली. एकदाही तुटलं नाही. पेपर कसा गेला ते विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

पिन_४१६, ती Uptime ची ओळ भाच्यानं फोनवर सांगून मला उघडायला लावली. ९ दिवस दाखवतंय. १८ तारखेला संध्याकाळी त्यानं टांगला तेव्हापासून सलग. रेडिओवाले काका, म्हणून सध्या बदलून मागत नाही. मे महिना काढतो का बघू.

घरात मात्र नवा वाद. आमच्या हिला दारावर लोंबणाऱ्या वायरी बघवत नाहीत, पाहुणे काय म्हणतील. विणलेला रुमाल तरी वर घालू द्या म्हणते. आणि तो यूपीएस कुठं ठेवू? खणात परत ठेवायची भीती वाटते, दारावर पेलत नाही.

---

जुना_रेडिओवाला | २७ एप्रिल, संध्याकाळी ५:४५

रुमाल नको. यूपीएसमध्ये लिथियमची बॅटरी असते, तिला उष्णता राऊटरपेक्षाही सोसत नाही, म्हणून खण तर नकोच. दाराशेजारी स्विचबोर्डाच्या उंचीवर दोन स्क्रू मारून भिंतीला लावा, हवा खेळती राहील. आणि महिन्यातून एकदा हात लावून बघा, पोट फुगलेलं वाटलं तर त्याच दिवशी काढून टाका.

---

विश्रामबागकर | २७ एप्रिल, संध्याकाळी ५:५८

स्विचबोर्डाच्या उंचीवर नातू पोचतो. आजपासून स्टूल आणायला शिकलाय.